नानांचं कन्फर्म, तिचं वेटिंग

गल्लीत तिला दातवाली म्हणत. ती दात काढत नसे की बसवत नसे, ती दात करत असे. दवाखान्यांतून आलेले तोंडांचे ठसे प्लॅस्टरने भरायचे, निघालेल्या जबड्यावर मेणाची हिरडी चढवायची आणि त्यात एकेक दात रोवत जायचं, हे काम ती बावीस वर्षं करत होती. नखांच्या कडेला कायम पांढरी पूड. रस्त्यात कोणी हसलं तर चेहऱ्याच्या आधी तिला वरची कवळी दिसायची आणि ती आपल्या लॅबची आहे की नाही, हे तिला लगेच कळायचं.

वय त्रेचाळीस. लग्न केलं नाही की झालं नाही, यावर तिचं आणि ताईचं कधीच एकमत झालं नाही. मात्र त्यातून जे निघालं त्यावर दोघींचं एकमत होतं: वडिलांची निम्मी जबाबदारी तिची. ताईला नवरा, दोन मुलं, सून होती. दातवालीला कोणी नव्हतं. तरी वाटणी निम्मी-निम्मी. सहा महिने नाना इकडे, सहा महिने तिकडे. दोन घरांच्या मध्ये एक संध्याकाळ, एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची दुपार एवढा रेल्वेचा प्रवास.

नाना चित्रकलेचे मास्तर होते. आता ते मुलीला कधी मुलगी, कधी बहीण, कधी शाळेतली शिपाईण समजत. तब्येत ठणठणीत, पाय मजबूत, आणि हीच पंचाईत. रात्री उठायचे, चपला घालायचे आणि शाळेला निघायचे. दाराला आतून वर कडी बसवून घेतली होती. अंघोळीला मात्र हे मजबूत पाय ऐकायचे नाहीत. बसले की उठायचे नाहीत, काखेत हात घालून उचलावं लागायचं.

आणि आता उचलायचंच नव्हतं. तिच्या गर्भाशयात गाठी होत्या. महिन्यातले दहा दिवस ती अक्षरशः भिंतीला धरून चालत असे. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख एकदा दिली, ती तिने पुढे ढकलली, कारण नानांना न्यायला ताईच्या घरी त्या वेळी जागा नव्हती. दुसरी तारीख दिली तेव्हा बाई म्हणाल्या, "ही शेवटची. तुमचं रक्त किती उतरलंय ते बघा. आणि नंतर सहा आठवडे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही."

ऑपरेशन बुधवारी होतं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी नानांना घेऊन निघायचं, शनिवारी दुपारी पोचवायचं, रविवारच्या गाडीने परत यायचं. परतीचं तिचं एकटीचं तिकीट पक्कं झालं होतं. अडकलं होतं ते जातानाचं, आणि अडकवलं तिनेच होतं.

मागच्या खेपेला दोघांचं एकाच तिकिटावर आरक्षण केलं होतं. नानांना सगळ्यात वरचा बर्थ आला. ती डब्यात दारोदार फिरल्यासारखी फिरली: खालचा द्याल का, म्हातारे आहेत. एकाची कंबर दुखत होती, दुसऱ्याची बायको. शेवटी एकाने दिला, पण रात्रभर उपकार केल्यासारखं घोरला. या वेळी तिला कोणीतरी सांगितलं, म्हातारा माणूस एकटा असेल तर खालच्या बर्थचा त्यांचा वेगळा कोटा असतो. बरोबर तरुण माणूस त्याच तिकिटावर असला तर तो कोटा मिळत नाही. म्हणून तिने मोबाईलवरून दोन वेगवेगळी तिकिटं काढली. नानांचं लगेच कन्फर्म झालं, खालचा बर्थ, खिडकीपाशी. तिचं आलं वेटिंग, तेवीस. तीन आठवडे हातात होते. तेवीस माणसं तीन आठवड्यांत रद्द करतीलच, असं म्हणून तिने स्वतःच्या हुशारीवर चहा घेतला होता.

तेविसाचे अकरा झाले आणि मग थांबले. बुधवारी सकाळी लॅबमध्ये तिने प्लॅस्टरच्या हाताने फोन काढला, करंगळीने बटण दाबलं. अकरा.

"काय म्हणतोय तुमचा आकडा?" मालकांनी विचारलं. ते समोरच्या टेबलावर एका कवळीला घासून चकाकी आणत होते.

"अकरा."

"काल पण अकराच होता."

"परवा पण."

"मग तो आकडा नाही, वय आहे त्याचं." मालक आपल्याच विनोदावर हसले. "दोन दिवस आधी बरीच लोकं रद्द करतात, होईल."

दुपारी ताईचा फोन आला. ताईचा फोन हल्ली रोज यायचा.

"झालं का गं कन्फर्म?"

"नाही अजून."

"मग कसं? उगाच ओढाताण करू नकोस हं. झालं तर ये, नाही तर बघू पुढच्या महिन्यात. ऑपरेशनच्या तारखा काय, मिळतात परत."

"एकदा घेतलीय परत."

"हो, पण ते तातडीचं थोडंच आहे? माझं बघ, गुडघे दोन वर्षं तसेच ओढतेय."

दातवालीने मेणाच्या हिरडीवर सुरी फिरवली. ताईच्या गुडघ्यांपुढे बोलायला तिच्याकडे कधीच काही नसे. एवढं मात्र जाणवलं की ताई रोज विचारते ती काळजीने, पण काळजी नक्की कसली, हे तिला सांगता आलं नसतं.

लॅब सुटल्यावर ती आरक्षणाच्या कार्यालयात गेली. जुना हॉल, भिंतीला टेकून ओळीने खुर्च्या, त्यांतल्या निम्म्या मोडक्या. एकच खिडकी चालू होती. काचेमागचा माणूस पाठीमागे उशी घेऊन बसला होता आणि ती उशी सारखी घसरत होती.

तिने दोन्ही तिकिटांचे नंबर कागदावर लिहून आत सरकवले. त्याने टाइप केले, पडद्याकडे पाहिलं आणि उशी नीट केली.

"वडील?"

"हो. ते एकटे जाऊ शकत नाहीत. त्यांना... कळत नाही."

"मग वेगळं कशाला काढलंत?"

"खालच्या बर्थसाठी."

"असं करणारे रोज येतात." तो चिडून म्हणाला नाही, नुसतं म्हणाला. "तुमचं वय काय?"

"त्रेचाळीस."

"पंचेचाळीस असतं तर एकाच तिकिटावर दोघांनाही त्या कोट्यात घेतलं असतं. बायकांना पंचेचाळीसपासून आहे."

तरुण असल्याबद्दल कोणी तिला हळहळून दाखवावं, असा हा आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता. "आता दोन्ही जोडता येतात का?"

"नाही. जोडायची सोयच नाही. तुम्ही दोघं एकाच तिकिटावर असता, तर एकाचं पक्कं झालं असतं आणि एकाचं वेटिंग राहिलं असतं, तरी दोघांना चढता आलं असतं. तुमचं नाव चार्टात राहिलं असतं, टीसीने जागा बघितली असती. आता तुमचं तिकीट एकटंच वेटिंगला आहे. चार्ट लागला आणि तरी वेटिंगच राहिलं, की मोबाईलचं तिकीट आपोआप रद्द. पैसे आपोआप परत. खिडकीवरून कागदी काढलं असतंत तर पैशांसाठी गाडी सुटायच्या आत इथे येऊन रद्द करावं लागलं असतं. तुम्हाला तेवढा त्रास नाही."

"तो त्रास चालला असता," ती म्हणाली. "अकरावरून पुढे का जात नाही?"

"मधलं स्टेशन." त्याने बोटाने काचेवर एक रेघ ओढली. "गाडी सुटते तिथल्या लोकांची यादी वेगळी. जागा जास्त, रद्द करणारे जास्त, म्हणून ती भराभर हलते. आपल्यासारख्या मधल्या स्टेशनांना मिळून थोड्याच जागा. त्यातल्याच कोणी सोडल्या तर तुमचा नंबर पुढे. तिथला साठावा सुटेल आणि तुमचा अकरावा इथेच बसेल. तिथून तिकीट काढून चढायचं स्टेशन इथलं टाकलं असतं तर... पण आता तिथेही शंभराच्या वर आहे."

"मग मी करू काय?"

मागच्या माणसाने घसा खाकरला. खिडकीवाल्याने त्याच्याकडे न बघता तिला एक एक सांगितलं. उद्या अकरा वाजता तत्काळ उघडेल, पण दहाच्या आधी रांगेत उभं राहा. तत्काळमध्येही वेटिंग आलं तर घेऊ नका. चार्ट करताना जागा आधी साध्या वेटिंगला जातात, तत्काळवाल्यांना मागाहून. आजारपणाचं कारण असेल तर वरच्या ऑफिसात अर्ज करा, तातडीच्या कोट्यासाठी, उद्याच, हॉस्पिटलच्या कागदाची प्रत लावून. मिळेलच असं नाही. आणि चार्ट लागल्यावर काही जागा उरल्या तर त्या लगेच विकायला येतात, मोबाईलवर आणि इथेही. त्या बघत राहायच्या.

"आणि यातलं काहीच झालं नाही तर?"

"तर चढू नका. आपोआप रद्द झालेलं तिकीट म्हणजे बिनतिकीटच. लोक चढतात, मग भांडतात. नेक्स्ट."

गुरुवारी तिने लॅबमध्ये अर्धा दिवस रजा टाकली, नानांना शेजारच्या काकूंकडे बसवलं आणि दहाच्या आधी रांगेत उभी राहिली. तिच्यापुढे सहा माणसं होती. प्रत्येकाच्या हातात भरलेला फॉर्म आणि चेहऱ्यावर आपलं तेवढं होऊन जावं असा भाव. अकरा वाजले. पहिल्याचं झालं, दुसऱ्याचं झालं, तिसऱ्याने फॉर्मवर गाडीचा नंबर चुकीचा लिहिला होता. त्याची खाडाखोड चालली तेवढ्यात बाकी सगळं संपलं. तिची पाळी आली तेव्हा खिडकीवाल्याने काचेतून नुसती मान हलवली.

"वेटिंग आहे. देऊ?"

"नको म्हणाला होतात ना."

"हो. लक्षात आहे. पण विचारायला लागतं."

वरच्या ऑफिसात तिने अर्ज दिला. एका लोखंडी पेटीत तो टाकायचा होता. पेटी भरलेली होती. तिला आत बोट घालून आधीचे अर्ज खाली दाबावे लागले. तिथेच बाकावर ती बसून राहिली, कारण उठता येईना. पोटातून खाली कळ गेली. हातातल्या पिशवीत नानांच्या दोन लुंग्या होत्या, घरी जाता जाता शिवायला टाकायच्या होत्या. गाठ सुटली की नाना त्या फाडत.

शुक्रवारी सकाळी नानांना दूध-बिस्किट देत असतानाच फोन वाजला. चार्ट लागला होता. अकरावरून तीनवर येऊन थांबलं होतं. अर्जाचं काही आलं नव्हतं. नानांच्या नावापुढे डबा आणि बर्थ ठसठशीत, तिच्यापुढे एकच ओळ: तिकीट रद्द, रक्कम परत.

"कोणाचं पत्र?" नानांनी विचारलं.

"रेल्वेचं."

"परीक्षा कधी आहे म्हणतात?"

"आजच."

तिने उरलेल्या जागा बघितल्या. त्यांच्या गाडीत त्यांच्या वर्गात एकही नव्हती. वातानुकूलित डब्यात एक दिसत होती. ती घ्यावी म्हणून तिने बटणापाशी बोट नेलं, आणि मग नाना एका डब्यात, आपण सहा डबे पलीकडे, मधे बंद दारं, हे डोळ्यांपुढे आलं. दाबेपर्यंत तीही गेली.

ताईचा फोन नेमका तेव्हाच आला.

"लागला का चार्ट?"

"लागला. माझं नाही झालं."

पलीकडे ताईने श्वास सोडला. दातवालीला तो श्वास स्वच्छ ऐकू आला. कोणी जड पिशवी ओट्यावर ठेवल्यावर सोडतं तसा.

"अगं बाई," ताई म्हणाली. "नशिबातच नाही म्हण. असू दे, पुढच्या महिन्यात बघू. तू नानांचं पण रद्द करून टाक. आणि तब्येतीला जप."

"बघते," दातवाली म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने नानांचं तिकीट रद्द केलं नाही. भांडी घासली. घासता घासता तिच्या ध्यानात आलं की ताई गेले पंधरा दिवस तिच्या तिकिटाची काळजी करत होती ती ते कन्फर्म होऊ नये म्हणून. त्याचा तिला राग नाही आला. तीही तेच करत आली होती; दर सहा महिन्यांनी, नाना ताईकडून यायचे असले की तीही चार्टाकडे डोळे लावून बसायची आणि मनात कुठेतरी म्हणायची, राहू दे की अजून एक महिना.

पण या वेळी एक महिना तिच्याकडे नव्हता.

संध्याकाळी तिने नानांना शर्ट-पँट घातली, वर स्वेटर, कारण ते गाडीत कुडकुडतात. स्टेशनवर जनरलच्या खिडकीतून स्वतःसाठी साधं तिकीट काढलं. गाडी आली तेव्हा नानांच्या डब्याच्या दारात टीसी उभा होता, हातात टॅब, डोक्यावर घाम.

ती चढली नाही. आधी त्याच्याकडे गेली.

"हे माझे वडील. यांचं कन्फर्म आहे. माझं वेटिंगला राहून रद्द झालं. माझ्याकडे साधं तिकीट आहे."

"जनरलचा डबा पुढे आहे, बाई."

"यांना एकटं सोडता येत नाही."

"सगळेच असं म्हणतात." त्याने नानांकडे पाहिलं. नाना त्याच्या शर्टाचं बटण पकडून ते सरळ लावत होते. "काय करताय, काका?"

"गणवेश नीट ठेवावा," नाना म्हणाले.

टीसी थोडा हसला, मग पुन्हा टीसी झाला. "हे बघा, साध्या तिकिटावर या डब्यात बसता येत नाही. मी दंडाची पावती करीन, पुढच्या जंक्शनपर्यंतची. फुकट बसू देणार नाही. तिथे चढणारे कोणी आले नाहीत तर जागा निघेल, पण आधी आरएसीवाल्यांना, मग कुणाला. नाही निघाली तर तुम्ही उतरायचं."

"आणि हे?"

"ते तुम्ही ठरवा."

ती चढली. दंडाची पावती घेतली आणि नानांच्या बर्थच्या कडेला बसली, अंग चोरून, जसं परक्याच्या घरी बसतात. समोरच्या बाजूच्या खालच्या सीटवर दोघं अर्धी अर्धी सीट वाटून बसली होती: एक जाडजूड कापडवाला आणि एक केस पिकलेली निवृत्त नर्स. दोघांचं आरएसी, म्हणजे चढायला मिळालं, बसायलाही, पण झोपायचा बर्थ एकच आणि माणसं दोन. कापडवाला निम्म्याहून जास्त सीटवर होता आणि त्याला ते माहीत होतं.

"वेटिंग होतं का तुमचं?" नर्सबाईंनी विचारलं.

"हो. तीनवर राहिलं."

"अरेरे. तीन म्हणजे अगदी दारात." मग त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. "हे नखांना काय, चुना?"

"प्लॅस्टर. दात करते मी."

"आणि नखं आतून पांढरी का? पापणी बघू." त्यांनी विचारलं नाही, सरळ तिची खालची पापणी ओढली. "रक्त कुठाय तुमच्यात?"

"बुधवारी ऑपरेशन आहे."

"आणि तुम्ही इथे."

"यांना पोचवायला."

कापडवाल्याने पाय जवळ घेतले.

जंक्शनवर गाडी बराच वेळ थांबली. माणसं चढली, भांडली, सामान खाली-वर झालं. दातवाली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, उतरायचं झालं तर म्हणून, आणि नानांच्या चपला तिने आधीच त्यांच्या पायात घालून ठेवल्या होत्या. टीसी आला. दोन प्रवासी आले नव्हते आणि एकाने ऐन वेळी जाणं टाळलं होतं. कापडवाल्याला पुढच्या डब्यात बर्थ मिळाला. तो उठला तशी सीट वर आली. नर्सबाईंना ती सीट अख्खी मिळाली. आरएसी यादीतल्या अजून एकाला जागा गेली. मग टीसीने तिच्याकडे बघितलं.

"एक उरलाय. दोन डबे सोडून, मधला बर्थ. शेवटपर्यंतची पावती करू?"

"इथेच काही..."

"इथे असतं तर इथेच सांगितलं असतं ना."

तिने पावती घेतली. समोरच्या मधल्या बर्थवरच्या माणसाला विचारलं, बदलता का. तो म्हणाला, मी चादर घातलीय. वरच्याला विचारलं, तर तो म्हणाला, माझं सामान खाली बांधलंय. इतक्या धडपडीनंतर तिच्या नावावर एक बर्थ होता, आणि तो दोन डबे पलीकडे, रिकामा.

"जा, झोपा तिकडे," नर्सबाई म्हणाल्या.

"ते उठतात मधेच. चपला घालून निघतात."

"मी तीस वर्षं वॉर्डात रात्रपाळी केलीय. माझ्याकडून कोणी निघालेलं नाही." मग नानांकडे वळून: "मास्तर, आज तुम्ही वर्गातच झोपायचं. मी मुख्याध्यापिका."

"हो बाई," नाना म्हणाले आणि आडवे झाले.

ती गेली. नाही म्हणावं असं तिच्या मनात आलं होतं, पण पाय उठून चालूही लागले. दोन डब्यांमधली लोखंडी पट्टी हलत होती. ती त्या मधल्या बर्थवर चढली, साडीचा पदर पायाखाली घेतला, आणि पुढे तिला काहीच आठवत नव्हतं. कोणी हाक मारली नाही. कडी वाजली नाही. जाग आली तेव्हा खिडकीत उजाडलं होतं आणि ती धडपडत, चप्पल हातात घेऊन, धावत नानांच्या डब्यात आली. नाना बसून होते. नर्सबाईंच्या वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी पेनने नर्सबाईंचं नाक काढलं होतं, जरा मोठंच.

"दोनदा उठले," नर्सबाई म्हणाल्या. "एकदा शाळा, एकदा लघवी. दोन्ही करून आणलं."

दातवाली तोंड धुवायला गेली आणि तिथे आरशापुढे उभी राहून थोडी रडली. स्टीलच्या पत्र्याच्या त्या आरशात नाहीतरी कुणाचंच तोंड नीट दिसत नाही.

दुपारी ताईच्या इमारतीचे जिने चढताना नाना दर मजल्यावर थांबत होते. दार उघडंच होतं. दाराबाहेर लहान मुलांच्या चपलांचा ढीग. आत पाढ्यांचा आवाज. नानांच्या खोलीत, जिथे त्यांची खाट असायची तिथे, दोन लांब बाकं होती, भिंतीला फळा होता, आणि दहा-बारा मुलं सतरंजीवर बसून सतराचा पाढा म्हणत होती. ताई खुर्चीत बसली होती, पाय एका स्टुलावर. तिने वळून बघितलं.

मुलं पाढा म्हणतच होती.

"तू," ताई म्हणाली. "पण तिकीट तर..."

"नानांचं होतं."

"आणि तू?"

"आले."

ताई उठली. गुडघ्यावर हात टेकून उठली, खरंच दुखत होतं. मुलांकडे, बाकांकडे, मग बहिणीकडे बघितलं.

"दोन महिने झाले सुरू करून," ती म्हणाली. "सुनेची नोकरी गेली. यांचीही कमाई कमी झालीय. मी तुला सांगणार होते. म्हटलं या महिन्यात नको, पुढच्या..."

"माहीत आहे," दातवाली म्हणाली. हे खोटं होतं, तिला आत्ताच कळलं होतं. पण ताईला तेवढं वाक्य आत्ता लागणार होतं.

नाना सतरंजीवर गेले आणि मुलांच्या रांगेत शेवटी मांडी घालून बसले. सतरा सक्काला ते मुलांबरोबर म्हणाले, बरोबर म्हणाले. एका मुलीने हसून तोंड दाबलं.

"पंधरा दिवस रोज फोन केलास," दातवाली म्हणाली. "एकदाही म्हणाली नाहीस की नको आणूस."

"म्हणता येतं का असं?"

"नाही," दातवाली म्हणाली. "मलाही आलं नसतं."

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा आल्यापासून पहिल्यांदा. "किती पांढरी पडलीस गं. बस ना." आणि बहीण बसायला जागा शोधतेय हे बघून तिने स्वतःची खुर्ची पुढे ओढली. "बुधवारी कोण आहे तुझ्याजवळ?"

"शेजारच्या काकू येतील म्हणाल्यात. संध्याकाळपर्यंत."

"आणि रात्री?"

रात्रीचा विचार दातवालीने पुढच्या पायरीसाठी ठेवला होता, आणि इथवरच्याच पायऱ्या संपत नव्हत्या.

"मोठ्याला पाठवते," ताई म्हणाली. मोठा म्हणजे तिचा थोरला मुलगा. "रविवारी तुझ्याबरोबर."

"आता कुठे तिकीट मिळणार त्याला."

"जनरलमध्ये जाईल. तरणाबांड आहे, बसेल रात्रभर दारात. तेवढं तरी होऊ दे त्याच्याकडून." मग ती मुलांकडे वळली, टाळी वाजवली. पाढा अर्ध्यात थांबला. "आज सुट्टी. उद्यापासून वर्ग बाहेरच्या खोलीत. आणि चपला रांगेत लावायच्या, इथे आता आजोबा राहणार आहेत."

मुलं उठली. नानाही उठले आणि त्यांच्याबरोबर दाराकडे निघाले. ताईने त्यांचा हात धरला.

"तुम्ही नाही, नाना. तुम्ही इथलेच."

दातवाली उठायला गेली, बाक सरकवायला. "तू बसून राहा," ताई म्हणाली, आणि एका टोकाला स्वतः धरून तिने सुनेला हाक मारली, दुसरं टोक धर म्हणून.